वीस टक्के परत मिळवले, तरी मूळ किंमत का येत नाही?

वाचकाचे पत्र

मी घरखर्चाच्या वहीत प्रत्येक खरेदीपुढे छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत असे दोन आकडे लिहिते. २० टक्के सूट असलेल्या एका जाकिटाचे मी १,८४० रुपये दिले. किमतीची चिठ्ठी हाताशी नव्हती, म्हणून १,८४० मध्ये त्याचेच २० टक्के मिळवले आणि २,२०८ लिहून टाकले. नंतर जाकिटाच्या खिशात चिठ्ठी सापडली, तिच्यावर २,३०० छापले होते. हे ९२ रुपये गेले कुठे? मुलीच्या गणिताच्या पुस्तकात अशा उदाहरणात ८० ने भागतात, पण का भागायचे ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. दुसरे एक बिल तर आणखी अवघड आहे: आधी २० टक्के सूट, उरलेल्या रकमेवर आणखी १० टक्के, शेवटी १०० रुपयांचे कूपन, आणि भरलेली रक्कम १,८४४. याची छापील किंमत कशी काढू? शिवाय कधी कधी उत्तर पूर्ण रुपयांत येतच नाही. तेव्हा वहीत काय लिहायचे?

— वही ठेवणारी एक वाचक

उत्तर

तुमच्या बेरजेत चूक नाही. चूक झाली ती २० टक्के कोणत्या रकमेचे घ्यायचे यात. दुकानदाराने २० टक्के काढले ते २,३०० चे, म्हणजे ४६० रुपये. तुम्ही २० टक्के मिळवले ते १,८४० चे, म्हणजे ३६८ रुपये. दर दोन्ही वेळा तोच, पण ज्या रकमेवर तो लावला ती दुसऱ्या वेळी लहान झालेली होती. ४६० काढून ३६८ परत ठेवले, तर ९२ कमी पडणारच.

या ९२ कडे थोडे निरखून पाहा, कारण ते उगाच कुठूनतरी आलेले नाहीत. १,८४० म्हणजे २,३०० वजा ४६०. म्हणून १,८४० चे २० टक्के काढताना तुम्ही २,३०० चे २० टक्के घेतलेत आणि त्यातून ४६० चे २० टक्के वगळलेत. ४६० चे २० टक्के बरोबर ९२ होतात. थोडक्यात, जेवढी सूट मिळाली होती तिच्यावरच पुन्हा एकदा सूट बसली. २० टक्क्यांचे २० टक्के म्हणजे ४ टक्के, आणि २,३०० चे ४ टक्के ९२. सवलतीचा दर कोणताही असो, या रीतीने केलेल्या बेरजेत तूट याच हिशेबाने पडते: दराला त्याच दराने गुणायचे. १० टक्के सवलतीत मूळ किमतीच्या १ टक्का, ३० टक्क्यांत ९ टक्के, ५० टक्क्यांत तब्बल २५ टक्के.

ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही, त्याचे कारणही यातच आहे. २,३०० च्या वस्तूवर फक्त ५ टक्के सूट असती, तर तुम्ही २,१८५ दिले असते. त्यात त्याचेच ५ टक्के मिळवले की २,२९४ रुपये २५ पैसे येतात. पावणेसहा रुपयांचा फरक कुणीही ‘पैसे पुढेमागे झाले असतील’ म्हणून सोडून देईल. पण निम्म्या किमतीची सूट असती, तर १,१५० दिले असते. त्यात त्याचे निम्मे मिळवून १,७२५ आले असते, म्हणजे ५७५ रुपये कमी. रीत तीच, चूकही तीच, फक्त दर मोठा झाला की ती उघडी पडते. आणि एक गोष्ट पक्की: ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते. उत्तर खऱ्या किमतीपेक्षा कमीच येते, जास्त कधीच येत नाही. तेव्हा तुमच्या वहीतले याच रीतीने लिहिलेले जुने आकडे सगळे थोडेथोडे कमी आहेत असे समजा.

८० ने का भागायचे

छापील किमतीचे मनातल्या मनात १०० सारखे भाग करा. भाग केवढ्याचा हे अजून माहीत नाही आणि त्याने काही अडतही नाही. २० टक्के सूट म्हणजे त्यातले २० भाग दुकानदाराने सोडून दिले. तुमच्याकडून पैसे घेतले ते उरलेल्या ८० भागांचे. म्हणून तुमच्या हातातले १,८४० रुपये हे ८० भागांचे मोल आहे. इथेच सगळे गणित आहे. ८० भागांचे १,८४०, तर एका भागाचे १,८४० ÷ ८० = २३ रुपये. आणि पूर्ण किंमत म्हणजे असे १०० भाग, म्हणून २३ × १०० = २,३००.

मुलीच्या पुस्तकात हेच एका ओळीत लिहिलेले असते:

मूळ किंमत = दिलेली किंमत × १०० ÷ (१०० − सवलतीचा दर)

ही एकमान पद्धतच आहे: आधी एकाचे काढायचे, मग शंभराचे. तिला सूत्र पाठ करायला लावण्यापेक्षा दर वेळी एकच प्रश्न विचारा: ‘आपण किती भागांचे पैसे दिले?’ त्याचे उत्तर ८० असे आले की पुढचा भागाकार तिला आपोआप सुचेल.

यात मुले, आणि मोठेही, एका ठिकाणी हमखास घसरतात. ते ८० ऐवजी २० ने भागतात, कारण प्रश्नात २० हाच आकडा समोर दिसत असतो. १,८४० ला २० ने भागून १०० ने गुणले की ९,२०० येतात. २० टक्के सूट मिळून १,८४० ची झालेली वस्तू मुळात ९,२०० ची असणे शक्य नाही, हे एका नजरेत कळायला हवे. पण २० ने भागणे दर वेळी चूक असते असेही नाही. बिलावर कधी कधी दिलेल्या रकमेऐवजी ‘तुमची बचत ४६०’ एवढेच ठळक छापलेले असते. ती बचत म्हणजे सोडून दिलेले २० भाग. तेव्हा मात्र ४६० ला २० ने भागून १०० ने गुणायचे, आणि उत्तर पुन्हा २,३०० च येते. म्हणजे हातातली रक्कम कोणत्या भागांची आहे ते आधी ठरवायचे: उरलेल्या भागांची असेल तर ८०, सोडलेल्या भागांची असेल तर २०.

उत्तर आले की पडताळा नेहमी पुढच्या दिशेने घ्या. २,३०० चे २० टक्के ४६०, आणि २,३०० − ४६० = १,८४०. जुळले. हा पडताळा तुमच्या २,२०८ वर घेतला असता, तर २,२०८ चे २० टक्के ४४१ रुपये ६० पैसे, आणि उरले असते १,७६६ रुपये ४० पैसे. तुम्ही दिलेले १,८४० त्यात कुठेच बसत नाहीत, म्हणजे चिठ्ठी न सापडताही चूक पकडता आली असती. हे एक मिनिटाचे काम आहे आणि ते टाळू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

गणकयंत्र वापरत असाल तर १,८४० ÷ ०.८ असे सरळ करा. त्यावरची टक्क्याची कळ या कामाला वापरू नका. १,८४० अधिक २० आणि मग टक्क्याची कळ दाबली, की साधे गणकयंत्र बहुधा २,२०८ च दाखवते. यंत्राचे काही चुकत नाही, ते बिचारे समोरच्या रकमेचेच २० टक्के घेते. दशांश अपूर्णांकाने भागले की यंत्र कोणतेही असले तरी उत्तरात फरक पडत नाही.

तोंडी हिशेब

रोजच्या वापरातल्या काही दरांसाठी कागदसुद्धा लागत नाही. २० भाग सोडले आणि ८० दिले, तर सोडलेले भाग दिलेल्या भागांच्या पाव आहेत. म्हणून २० टक्के सवलतीत दिलेल्या किमतीत तिचा पाव हिस्सा मिळवायचा: १,८४० चा पाव ४६०, बेरीज २,३००. म्हणजे मूळ किंमत दिलेल्या किमतीच्या सव्वापट. पावाने वाढवायचे, पाचव्या हिश्श्याने नाही, एवढेच तुमच्या पहिल्या हिशेबात निसटले होते.

याच रीतीने २५ टक्क्यांत सोडलेले २५ आणि दिलेले ७५, म्हणून तिसरा हिस्सा मिळवायचा. १० टक्क्यांत १० आणि ९०, म्हणून नववा हिस्सा. ५० टक्क्यांत दुप्पट, ६० टक्क्यांत अडीचपट, ७५ टक्क्यांत चौपट. ४० टक्के सूट असेल तर दिलेल्या किमतीचे दोन तृतीयांश मिळवायचे: ९०० दिले असतील तर ६०० मिळवून १,५००. ३० टक्क्यांत ७ ने भागून १० ने गुणले की झाले, कारण ७० आणि १०० हे ७ आणि १० च्या प्रमाणात आहेत. १५ टक्क्यांत ८५ आणि १००, म्हणजे १७ आणि २०. तोंडी करायला हे जड जाते, तिथे सरळ भागाकार करावा.

एक दर मात्र उलटा फिरवता येत नाही. १०० टक्के सूट असेल, तर दिलेले भाग शून्य आणि दिलेली रक्कमही शून्य. वस्तू १०० ची असो वा १०,००० ची, हातात शून्यच राहते, म्हणून शून्यावरून मूळ किंमत शोधायला काही धागाच उरत नाही.

दुसरे बिल

इथे मोह होतो तो २० आणि १० मिळवून ३० टक्के धरण्याचा. पण तुम्ही पत्रातच लिहिले आहे की दुसरी सूट उरलेल्या रकमेवर आहे. पहिल्या सवलतीनंतर १०० पैकी ८० भाग उरले. दुसरी सूट या ८० चे १० टक्के, म्हणजे १० नव्हे तर ८ भाग. शेवटी उरले ७२ भाग. दोन्ही मिळून सूट २८ टक्क्यांची झाली, ३० ची नाही.

आता बिल शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा, आणि जे सगळ्यात शेवटी झाले ते सगळ्यात आधी उलटवा. शेवटी कूपनाचे १०० रुपये वजा झाले होते, म्हणून आधी ते परत मिळवा:

१,८४४ + १०० = १,९४४

त्याच्या आधी १० टक्के गेले होते, म्हणजे १,९४४ हे त्या वेळच्या रकमेचे ९० भाग आहेत:

१,९४४ ÷ ०.९ = २,१६०

आणि त्याच्याही आधी २० टक्के:

२,१६० ÷ ०.८ = २,७००

छापील किंमत २,७०० रुपये. पडताळा: २,७०० चे २० टक्के ५४०, उरले २,१६०. त्याचे १० टक्के २१६, उरले १,९४४. कूपनाचे १०० वजा, १,८४४. मधले दोन भागाकार एकत्र करून १,९४४ ÷ ०.७२ केले तरी तेच येते, कारण ०.८ आणि ०.९ चा गुणाकार ०.७२ आहे. या दोन टक्केवारींचा क्रम उलटा असता तरी काही बिघडले नसते. आधी १० आणि मग २० टक्के काढले असते, तरी उरले असते ७२ च भाग.

कूपनाचे तसे नाही. त्याची जागा बदलली की रक्कम बदलते. दुकानदाराने १०० रुपये आधी वजा करून मग दोन्ही सवलती दिल्या असत्या, तर २,६०० चे ७२ टक्के म्हणजे १,८७२ भरावे लागले असते. २८ रुपये जास्त, कारण तेव्हा कूपनाच्या १०० रुपयांनासुद्धा २८ टक्क्यांची कात्री लागली असती. उलट हिशेबात हीच गोष्ट दुसऱ्या रूपात समोर येते. तुम्ही चुकून आधी १,८४४ ला ०.७२ ने भागून मग १०० मिळवले असते, तर २,६६१ रुपये ११ पैसे आले असते. असे वेडेवाकडे पैसे आले की क्रम पुन्हा तपासावा. पैसे आले म्हणजे क्रम चुकलाच असे मात्र म्हणता येत नाही, त्याचे कारण पुढे सांगतो.

क्रम ओळखायचा तो बिलावरच्या मधल्या बेरजांवरून. तुमच्या बिलात कुठेतरी १,९४४ हा आकडा स्वतंत्र ओळीत असेल आणि त्याखाली कूपनाची वजाबाकी असेल, तर वरचा हिशेब पक्का. मधल्या बेरजा छापलेल्या नसतील, तर दोन्ही क्रमांनी उत्तर काढा आणि दोन्हींचा पुढच्या दिशेने पडताळा घ्या. कूपन आधी वजा झाले असे धरले, तर १,८४४ ÷ ०.७२ + १०० म्हणजे तेच २,६६१ रुपये ११ पैसे येतात. पूर्ण रुपयांतला २,७०० हा आकडा छापील किंमत असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

घरपोच पोहोचवण्याचा आकार भरलेल्या रकमेत असेल, तर तो भागाकाराच्या आधी वजा करा. त्यावर सूट नव्हती, म्हणून तो भागाकारात गेला तर फुगतो. सूट दिल्यानंतर वरून कर लावला असेल, तर तो सगळ्यात आधी उतरवा, पण वजाबाकीने नाही. समजा १,८४० वर १० टक्के कर लागून २,०२४ झाले. २,०२४ चे १० टक्के वजा केले, तर १,८२१ रुपये ६० पैसे उरतात आणि पुन्हा तीच चूक होते, कारण कर १,८४० वर लागला होता, २,०२४ वर नाही. इथे हातात ११० भाग आहेत, म्हणून २,०२४ ÷ १.१ = १,८४०. कर छापील किमतीतच धरलेला असेल, तर मात्र त्याला हात लावायचे कारण नाही. तो छापील किमतीतही आहे आणि दिलेल्या किमतीतही, त्याच प्रमाणात.

उत्तर पूर्ण रुपयांत येत नाही तेव्हा

समजा ३५ टक्के सूट मिळून तुम्ही ७४९ रुपये दिले. ७४९ ÷ ०.६५ = १,१५२ रुपये ३१ पैसे. एवढी विचित्र छापील किंमत सहसा नसते, मग चुकले काय? बहुतेक वेळा काहीच नाही. दुकानदाराने सूट दिल्यावर आलेली रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात आणलेली असते. ७४९ म्हणजे खरे तर ७४८ रुपये ५० पैशांपासून ७४९ रुपये ५० पैशांपर्यंतची कोणतीही रक्कम असू शकते. या दोन टोकांना ०.६५ ने भागा: १,१५१ रुपये ५४ पैसे आणि १,१५३ रुपये ८ पैसे. यांच्या मध्ये पूर्ण रुपयांच्या किमती दोन आहेत, १,१५२ आणि १,१५३. तपासून पाहिले तर १,१५२ चे ६५ टक्के ७४८ रुपये ८० पैसे, आणि १,१५३ चे ६५ टक्के ७४९ रुपये ४५ पैसे. दोन्ही ७४९ लाच येऊन थांबतात. यातली खरी कोणती, हे एवढ्या माहितीवरून सांगता येणार नाही.

सूट जितकी मोठी, तितकी ही संदिग्धता वाढत जाते. ८० टक्के सवलतीत मूळ किंमत दिलेल्या किमतीच्या पाचपट असते, म्हणून दिलेल्या रकमेत अर्ध्या रुपयाची गोळाबेरीज झाली तरी मूळ किमतीत अडीच रुपयांचा फरक पडतो. ९० टक्क्यांत तोच फरक पाच रुपयांचा होतो.

याहून मोठी गडबड दराच्या गोळाबेरजेने होते. कित्येकदा दुकानदार विक्रीची किंमत आधी ठरवतो आणि टक्के त्यावरून काढून जवळच्या पूर्ण आकड्यात लिहितो. वस्तू १,१९९ ची आणि विक्री ७४९ ला असेल, तर सूट ४५० रुपयांची, म्हणजे ३७.५३ टक्के. पाटीवर मात्र ‘३८ टक्के सूट’ असे येईल. तुम्ही प्रामाणिकपणे ७४९ ÷ ०.६२ केलेत, तर १,२०८ रुपये ६ पैसे येतात. गणित बिनचूक, तरी नऊ रुपये जास्त. अशा वेळी ३८ चा अर्थ साडेसदतीस ते साडेअडतीस असा घ्या आणि दोन्ही टोके काढा: ७४९ ÷ ०.६२५ = १,१९८ रुपये ४० पैसे, आणि ७४९ ÷ ०.६१५ = १,२१७ रुपये ८९ पैसे. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. दर १०, २०, २५, ५० असा ठोक असेल, तर तो बहुधा आधी ठरवलेला असतो आणि उत्तर नेमके येते. ३८, ४३, ६७ असे दर दिसले, की ते नंतर काढलेले असण्याचा संभव जास्त, आणि तिथे एका आकड्यावर ठाम राहू नये.

म्हणून वहीत तीन प्रकारे लिहा. पडताळा रुपया-पैशाला जुळला, तर मूळ किंमत नेमकी लिहा. गोळाबेरजेची शंका असेल, तर ‘सुमारे १,१५२’ असे लिहा. दराचीच शंका असेल, तर ‘१,१९८ ते १,२१८’ अशी दोन्ही टोके लिहा. आणि शक्यतो शेजारी तिसरा रकाना ठेवून त्यात सवलतीचा दर, कूपन आणि कर जसेच्या तसे उतरवा. दिलेली रक्कम आणि हे तपशील असले की मूळ किंमत केव्हाही पुन्हा काढता येते. नुसती काढलेली मूळ किंमत लिहून ठेवली, तर ती चुकली होती का हे नंतर तपासता येत नाही.

पाटी वाचताना दोन ठिकाणी जपा. ‘२० टक्के सूट, जास्तीत जास्त ३०० रुपये’ असे लिहिलेले असेल आणि तुम्ही १,८४० दिले असतील, तर ०.८ ने भागून येणारे २,३०० चूक आहेत. २,३०० वरची सूट ४६० झाली असती, आणि ती ३०० च्या वर देणारच नव्हते. इथे मर्यादा लागली, म्हणजे ठोक ३०० रुपये वजा झाले, म्हणून मूळ किंमत १,८४० + ३०० = २,१४०. पडताळा: २,१४० चे २० टक्के ४२८, ते ३०० पेक्षा जास्त, म्हणून मर्यादा लागू, आणि २,१४० − ३०० = १,८४०. तेव्हा आधी भागाकार करून सूट किती झाली असती ते पाहायचे. ती मर्यादेच्या आत असेल तर भागाकाराचे उत्तर खरे, बाहेर गेली तर सरळ मर्यादेची रक्कम मिळवायची.

दुसरे म्हणजे ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’. यातल्या ‘पर्यंत’मुळे तुमच्या वस्तूवरचा दर कळतच नाही. ९०० दिले असतील, तर मूळ किंमत ९०० पासून १,८०० पर्यंत कितीही असू शकते. भागाकार करून मिळते ती फक्त वरची मर्यादा. अशा खरेदीपुढे मूळ किमतीचा रकाना चिठ्ठी किंवा बिल पाहूनच भरा, नाहीतर कोरा सोडा.